सोफ्यावरचा खळगा

सोफ्यावर कुत्रा बसवणं हे माझं काम आहे. खरा कुत्रा नव्हे. खरा कुत्रा सांगून बसत नाही, बसलाच तर हलतो, आणि हलला नाही तर भिंतीकडे तोंड करून झोपतो. आमच्या ओकोत्लानमध्ये गल्लीगल्लीत सोफे बनतात आणि प्रत्येक कारखानदाराला कॅटलॉगमध्ये आपल्या सोफ्यावर कुत्रा नाहीतर मांजर हवं असतं, त्याशिवाय म्हणे घराला घरपण येत नाही. मग रिकाम्या सोफ्याचा फोटो माझ्याकडे येतो, प्राण्याचा फोटो वेगळा येतो, आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून मी दोघांचं लग्न लावते. बरं दिसलं तर शाबासकी फोटोग्राफरला मिळते. वाईट दिसलं तर सगळे विचारतात, यादिराने केलं का हे?

तर ईस्टर होऊन थोडे दिवस झाले होते. दोन्या लिब्रादा दुपारची स्टुडिओत आली. दोन्या म्हणजे मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने म्हणतात ते. आमच्याच रस्त्यावर, चक्कीच्या पलीकडे तिचं घर. तिची मुलगी एर्लिंदा आणि मी एका वर्गात होतो. एर्लिंदा दहा वर्षांपूर्वी सरहद्दीपलीकडे, शिकागोला गेली. गेली तशी गेली, म्हणजे कागदांशिवाय. असं गेलेलं माणूस एकदा इकडे परत आलं की पुन्हा तिकडे जाणं जवळजवळ अशक्य, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"कापुलिन गेला," दोन्या लिब्रादा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

कापुलिन म्हणजे तिचा काळा कुत्रा. एर्लिंदाने पिल्लू असताना आणलेला. अंग सगळं काळंभोर, फक्त डावा कान पांढरा, जणू कुणी तेवढाच चुन्यात बुडवला होता.

"अरेरे," मी म्हटलं. "म्हातारा झाला होता."

"म्हातारा झाला होता म्हणून तू रडू नकोस, मीही रडत नाही. तू मला तो सोफ्यावर बसवून दे."

मला आधी वाटलं, आठवण म्हणून भिंतीवर लावायला हवा असेल. तशीही गिऱ्हाइकं येतात. पण तिचं म्हणणं वेगळं होतं. दर रविवारी चर्चमधून आल्यावर ती एर्लिंदाला कापुलिनचा सोफ्यावरचा फोटो पाठवायची. एर्लिंदा गेल्यापासूनचा हा नेम. सोफाही एर्लिंदानेच बनवलेला. पलीकडे जाण्याआधी ती सोफ्याच्या कारखान्यात गाद्या भरायची, आणि आईसाठी म्हणून एक तिने सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या हाताने केला होता. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा. दोन्या लिब्रादा त्यावर प्लास्टिक घालून ठेवते आणि स्वतः स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर बसते. प्लास्टिक काढायचं ते फक्त कुत्र्यासाठी.

"सांगून टाका ना तिला," मी म्हटलं. "कुत्रा मेला तर मेला. ती समजून घेईल."

"ती समजून घेईल म्हणूनच तर सांगत नाही." तिने पदरासारखी शाल छातीशी ओढली. "तिचे पपा गेले तेव्हा तिला येता आलं नाही. त्यांची माती तिने फोनवर बघितली, आठवतं ना? फोन तूच धरला होतास. तेव्हाच ती निघाली होती. मी म्हटलं, मी एकटी नाही, कापुलिन आहे, रात्री दाराशी झोपतो, मुंगी आली तरी भुंकतो. तेव्हा कुठे थांबली. आता कळलं की घरात भिंतींशिवाय कुणी नाही, तर उद्या सामान बांधेल. नोकरी सोडेल, पोराची शाळा सोडेल. आणि इथे येऊन काय करेल? पुन्हा गाद्या भरेल?"

"मग व्हिडिओ कॉल कसे करता?"

"फोनचा कॅमेरा बिघडलाय असं सांगितलंय. बोलते नुसती. फोटो शेजारणीच्या फोनवरून पाठवते." मग जरा थांबून म्हणाली, "दोन रविवार जुने फोटो पाठवले. मागच्या वेळी तिने विचारलं, ममा, खिडकीत नाताळचा तारा अजून कसा? बघ आता."

नाही म्हणायला पाहिजे होतं. पण एर्लिंदा आली तर तिचं काय होईल हे मलाही दिसत होतं, आणि शेजारच्या बाईला नाही कसं म्हणायचं हे अजून मला जमलेलं नाही. मी होकार दिला आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो झाला.

पहिली गोष्ट म्हणजे कापुलिनचे फोटो. दोन्या लिब्रादाने स्वतःचा फोन आणला आणि त्यातले सगळे दाखवले. सोफ्यावरचे होते ते एर्लिंदाने आधीच पाहिलेले. तेच कापून परत लावले तर ती ओळखणार, कारण ती फोटो बघत नाही, पाठ करते. उरलेले सगळे अंगणातले. डोक्यावर दुपारचं ऊन, पाठ चांदीसारखी चकाकतेय आणि पोटाखाली डांबर. दोन-तीन फोनच्या झगझगाटात काढलेले, डोळे भुतासारखे. आणि सोफा असतो खोलीत, डावीकडच्या खिडकीच्या मऊ उजेडात.

काळी लव हा प्रकार मुळातच वैताग. पांढऱ्या किंवा भुऱ्या कुत्र्याचं पुष्कळ खपून जातं. काळ्यात उजेड जिथून येतो तिथेच फक्त निळसर रेघ उठते, बाकी सगळा अंधार, आणि त्या अंधारातही केसाला केस दिसावा लागतो, नाहीतर सोफ्यावर कुत्रा नाही, भोक पडल्यासारखं दिसतं. एक फोटो त्यातल्या त्यात बरा सापडला. ओसरीवर आडवा झालेला, पुढचे पाय एकमेकांवर, सावलीत, एका बाजूने उजेड. पण उजेड उजवीकडून. आमच्या धंद्यात याला सोपा उपाय आहे. फोटो आरशासारखा उलटा करायचा, उजेड डावीकडे येतो.

मी उलटा केला. मागच्या बागेचा हिरवा रंग केसांच्या टोकांना चिकटला होता तो एकेक करून काढला. पोटाखाली सोफ्याच्या कापडाची पिवळी झाक टाकली, कारण उजेड कापडावर आपटून वर येतो. जिथे अंग गादीला टेकतं तिथे गडद, दाट सावली, आणि लांब जाईल तशी फिकी. एक संध्याकाळ पुरी गेली. दुसऱ्या दिवशी दोन्या लिब्रादाला बोलावलं.

तिने चष्मा लावला, नाक पडद्याला टेकवलं.

"हा कापुलिन नाही."

"कसा नाही? तुमचाच फोटो आहे."

"याचा उजवा कान पांढरा आहे."

मी कपाळावर हात मारला. आरशात कुत्रा उलटला की कानही उलटणार, हे दुधपित्या पोराला कळेल, आणि मी इतकी वर्षं हे काम करते. कॅटलॉगमधल्या कुत्र्याला आई नसते ना. त्याचा कोणता कान कोणता, कुणी विचारत नाही.

"बरं झालं मला दाखवलंस," ती म्हणाली. "नाहीतर माझ्या पोरीने विचारलं असतं, ममा, कुत्रा बदललास का?"

मग उजवा कान काळा केला आणि डावा पांढरा. तो डावा कान उजेडाच्या बाजूला येत होता, म्हणजे पांढराही नुसता पांढरा चालेना. कान पातळ असतो, मागून उजेड आला की आतून गुलाबी दिसतो. दुसऱ्या फोटोतला खरा कान आणून बसवला, मग तो मोठा वाटायला लागला. लहान केला. मग ती म्हणाली, "झोपताना तो जीभ जरा बाहेर काढायचा." मी म्हटलं, "दोन्या, जीभ नाही मिळायची." ती म्हणाली, "तू कारखानदारांच्या कुत्र्यांना हसवतेस, माझ्या कुत्र्याला जीभ देत नाहीस." मी जीभ दिली. इतकीशी, नखाएवढी.

"आता कसा आहे?"

"आता तरंगतोय."

तिचं बरोबर होतं. कितीही सावली घातली तरी गादी सपाट होती. जनावर बसलं की गादी दबते, कडेची शिवण खाली वाकते, चुण्या सगळीकडून बसलेल्या जागेकडे धावतात, आणि पट्ट्यांचं कापड असेल तर पट्ट्याही वाकतात. तो खळगा नसेल तर लव कितीही छान असो, फोटो बघणाऱ्याचं पोट सांगतं की इथे काहीतरी खोटं आहे. का ते त्याला सांगता येत नाही.

"मी तुमच्याकडे येते," मी म्हटलं. "पिठाचं पोतं ठेवू सोफ्यावर, त्याचा फोटो काढू. खरा खळगा मिळेल."

"एर्लिंदाच्या सोफ्यावर पोतं?"

"कापुलिनच्या वजनाचं. मिनिटभर."

"पोतं नाही ठेवायचं त्यावर. बस एवढंच."

"मग तुम्ही बसा. हाताने दाबा तरी."

"मी त्यावर बसत नाही." हे तिने असं म्हटलं की पुढे बोलायची सोय राहिली नाही. "तू शिकलेली आहेस. तुझ्याकडे खळगे नाहीत का?"

होते. शेकड्यांनी होते. कॅटलॉगसाठी लागतात म्हणून मी खळगे साठवून ठेवते. कुत्र्याचा, मांजराचा, पोराचा, उशीवर डोक्याचा. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॅटलॉगमधला खळगा हा खरा नसतोच. कारखानदाराला सोफा लोण्यासारखा दिसायला हवा असतो, म्हणून फोटोच्या दिवशी गादीच्या आतला फोम काढून त्यात भुसभुशीत कापूस भरतात आणि वर वाळूची पिशवी ठेवतात. मांजर बसलं तरी रेडा बसल्यासारखी गादी खाली जाते. ते बघून गिऱ्हाईक म्हणतं, काय मऊ आहे. घरी नेल्यावर कळतं ते कळतं. माझ्या डोळ्यांना इतक्या वर्षांत तेच बरोबर वाटायला लागलंय. त्यातलाच एक चांगला खळगा मी घेतला, पट्ट्या त्याप्रमाणे वाकवल्या, पुढची शिवण ओढून खाली आणली, आणि कापुलिन कोपरापर्यंत आत गेला. दोन्या लिब्रादा खूप वेळ बघत राहिली.

"हं," ती म्हणाली. "आला."

मग तिने चष्मा काढला आणि रडली. मी उगीच फाइलीला नाव देत बसले.

रविवारी फोटो गेला. एर्लिंदाने उलट हृदय पाठवलं, फक्त एक. दोन्या लिब्रादा खूश. मला वाटलं, सुटले. पण पुढचा रविवार काही पळून जात नाही. दुसऱ्या आठवड्यात ती परत दारात. "तोच फोटो नको, दुसऱ्या बाजूला तोंड करून बसव." तिसऱ्या आठवड्यात, "पाऊस पडला होता रविवारी, खोलीत इतका उजेड कसा?" म्हणजे सोफ्याचा फोटोही त्या-त्या रविवारी जाऊन काढायचा, ढग असतील तर लवेवरची निळी रेघ बोथट करायची, ऊन असेल तर धारदार. माझ्या मालकाचं, डॉन फाबियानचं, काम बाजूला राहायचं आणि तो येता-जाता विचारायचा, "आज कुठल्या कारखान्याचं चालू आहे?" मी म्हणायचे, "शिकागोच्या." त्याला ती निर्यात वाटायची.

त्यात दोन्या लिब्रादा माझ्या मानेवर बसलेली. शेपूट अशी नाही. नाक इतकं कोरडं नाही. मी तिच्यावर एकदा खेकसलेदेखील. ती नुसती म्हणाली, "तुझ्याकडे फोटो आहेत गं त्याचे. माझ्याकडे तोच होता."  मी नाक ओलं केलं.

आणि मग एका मंगळवारी मला फोन आला. शिकागोचा नंबर.

"यादी," एर्लिंदा म्हणाली. "किती वर्षांनी. कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"ममाला काय झालंय ते सांग."

"काही नाही. का?"

"कुत्र्यांना सोफ्यावर बसवणारी ओकोत्लानमध्ये दुसरी कोण आहे? खोटं बोलू नकोस. मी त्या गाद्या भरल्यात, यादी. माझ्या हाताने. आत टणक फोम आहे, वर नावाला पातळ मऊ थर. ममाची पाठ दुखायची म्हणून मी मुद्दाम कडक केला होता, दगडासारखा. कापुलिन बसला की बशीएवढा खळगा पडायचा, तो उठला की लगेच वर. तुझ्या फोटोत तो कोपरापर्यंत बुडालाय. दर रविवारी बुडतोय. असा माझा सोफा बुडत नाही."

 लव, कान, जीभ, उजेड, ढग. सगळं केलं होतं आणि तिने पकडलं कुठे, तर आमच्या गावच्या थापेत.

"पहिल्याच रविवारी कळलं होतं," ती म्हणाली. "मी गप्प बसले. म्हटलं, बघू. कापुलिन मेलाय हे तर कळलंच. पण कुत्र्यासाठी कुणी इतकं करत नाही. ममा व्हिडिओवर येत नाही. कॅमेरा बिघडला म्हणे. यादी, ती अंथरुणाला खिळलीय का? आवाज तरी तिचाच आहे ना?"

"एर्लिंदा, शपथेवर सांगते, कुत्रा मेला, बस. तुला एकटेपणाची काळजी लागू नये म्हणून त्या लपवतायत. त्या हिंडतायत, फिरतायत. रोज माझ्या डोक्यावर बसतात."

"शपथेवर. तू मेलेला कुत्रा पाच वेळा सोफ्यावर बसवलास, त्याला जीभही दिलीस. गेल्या महिन्यात मदर्स डेला ती दारात उभी असलेला फोटो आला. तोही तूच केलास?"

"तो खरा आहे."

"मला कसं कळणार?"

 जितकं चांगलं काम करावं तितका आपल्या शब्दाला भाव कमी, हे मला त्या दिवशी कळलं आणि संताप आला, कुणाचा ते सांगता येत नाही. मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, तो फोटो खरा आहे, त्याला मी हात लावलेला नाही, आणि जितकं सांगावं तितकं ते माझ्याच कानाला खोटं वाटत होतं.

"शुक्रवारच्या बसचं तिकीट काढलंय," ती म्हणाली. "माझं आणि पोराचं."

"मूर्ख आहेस का? परत कशी जाशील?"

"मग तिला दाखव मला. आत्ता. फोटो नको, चालती-बोलती दाखव. धडधाकट दिसली तर तिकीट फाडते."

फोन तसाच धरून मी रस्त्यावर पळाले. दोन्या लिब्रादा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर, समोर चूल बंद. मी फोन छातीशी लपवून कुजबुजले, तिला कळलंय, ती शुक्रवारी निघतेय, तुम्ही आत्ता कॅमेऱ्यासमोर धडधाकट दिसलात तर तिकीट फाडते म्हणतेय, नाहीतर ती आलीच समजा. तिने आधी मला शिव्या घातल्या. तुझ्या हाताला काही येतच नाही म्हणाली. मग केसांवरून ओला हात फिरवला, शाल काढली, नाताळला घालायचा जाड स्वेटर घातला आणि म्हणाली, "चल."

आम्ही बाहेरच्या खोलीत गेलो. मी व्हिडिओ चालू करून फोन तिच्यासमोर धरला. पलीकडे एर्लिंदाचं तोंड दिसलं. जाड झाली होती, केस पिकले होते. 

"हे बघ," दोन्या लिब्रादा म्हणाली. "जिवंत आहे. चालते, बघ. इकडे गेले. तिकडे गेले. कुत्रा मेला, तो म्हातारा होता. आता जा कामाला."

"ममा, तुला किती दिवसांनी पाहिलं."

"पाहिलंस ना. झालं."

मला वाटलं, जमलं. स्वेटर गळ्यापर्यंत होता, चेहरा उजेडात चांगला दिसत होता, खिडकीच्या बाजूला मी मुद्दाम उभी केली होती. सवयच आहे मला. एर्लिंदा हसली, डोळे पुसले. तिकिटाचं ती काही बोलली नाही, पण आवाज निवळला होता.

मग ती म्हणाली, "ममा, सोफ्यावर बस ना."

"मी बसत नाही त्यावर, तुला माहितीये."

"एकदा. माझ्यासाठी. मी केलाय आणि तुला त्यावर कधी पाहिलंच नाही."

दोन्या लिब्रादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बसा, त्यात काय. तिने प्लास्टिक बाजूला सारलं आणि मधल्या गादीवर बसली, पाहुणी बसते तशी टोकाला.

"नीट मागे सरून बस. यादी, फोन खाली घे. गादी दाखव."

मी गुडघ्यावर बसून फोन खाली धरला. पुढची शिवण सरळ होती. अगदी सरळ, रिकामा सोफा असतो तशी. पट्ट्या वाकल्या नव्हत्या. मांड्यांच्या कडेने दोन-चार चुण्या होत्या, तेवढ्याच.

"आता ऊठ, ममा."

ती उठली. गादी जशी होती तशीच. कुणी बसून उठलं हे दाखवायला काही उरलंच नाही.

एर्लिंदाने तोंड पडद्याजवळ आणलं. मग म्हणाली, "ममा, कापुलिन बसायचा तर बशीएवढा खळगा पडायचा."

"कडक केलायस तूच."

"एवढा नाही. मी रोज माणसं बसवून बघायचे. कुत्र्याइतकीसुद्धा राहिली नाहीस तू?"

"स्वेटर बघ माझा. दिसते का मी—"

"स्वेटर मला नको दाखवू. तू जेवतेस का?"

दोन्या लिब्रादाने बाह्या खाली ओढल्या. मी पहिल्यांदा तिचे हात पाहिले, स्वेटरच्या बाहीतून नुसती मनगटं बाहेर आलेली. इतके आठवडे ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसत होती, आणि मी तिच्याकडून कुत्र्याचं वजन विचारून घेतलं होतं.

"त्याच्यासाठी शिजवायचे," ती शेवटी म्हणाली. "कोंबडीचं पाणी, भात. त्यातलंच मी घ्यायचे. एकटीसाठी कोण चूल पेटवतं."

"शुक्रवारची गाडी सकाळची आहे," एर्लिंदा म्हणाली.

"येऊ नकोस. तू म्हणाली होतीस, धडधाकट दिसले तर—"

"दिसलीस, ममा, कशी आहेस ती."

फोन बंद झाला. मी तशीच गुडघ्यावर होते. दोन्या लिब्रादाने माझ्या हातातून फोन घेतला, उलटसुलट केला, माझ्या हातात परत दिला.

"काही करता येईल का याला?"

"नाही," मी म्हटलं. "हे चालू असतं तेव्हा त्यात हात घालता येत नाही."

"तुझे ते शेकडो खळगे काय कामाचे मग."

तिने मला, माझ्या स्टुडिओला, डॉन फाबियानला आणि तमाम कारखानदारांना मनसोक्त नावं ठेवली. म्हणाली, पोरीचं आयुष्य बुडालं, नातवाची शाळा गेली, आणि हे सगळं तुम्हा लोकांना सोफा लोण्यासारखा दाखवायची हौस म्हणून. मी ऐकून घेतलं. खोटं त्यात काही नव्हतं. बोलता बोलता ती सोफ्यावरचं प्लास्टिक घडी करायला लागली. घडी केली, काखेत धरली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी तिच्या मागे गेले. मला वाटलं, पडेल की काय. तिने चूल पेटवली. काल-परवाच्या मक्याच्या टॉर्टिया काढल्या, एक तव्यावर भाजली, त्यावर मीठ भुरभुरवलं आणि उभ्याउभ्याच खाल्ली, माझ्याकडे पाठ करून. मग दुसरी खाल्ली.

"शिकागोची बस आपल्या गावात थांबते का गं," तिने विचारलं, "की ग्वादालाहाराला घ्यायला जावं लागतं?"

"ग्वादालाहारालाच जावं लागतं."

"मग मीच जाईन," ती म्हणाली आणि तिसरी टॉर्टिया तव्यावर टाकली.